अनामतीची वजाबाकी : वसतिगृह समितीला खुलं पत्र

मा. प्राचार्य, वसतिगृह अधीक्षक आणि वसतिगृह समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या महाविद्यालयापासून २२ किलोमीटर आत, जंगलाच्या रस्त्यावर असलेल्या एका गावात मी सेतू केंद्र चालवतो. बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे दोन महिने पोट्ट्यापोट्टींची रांग असते. उत्पन्नाचे दाखले, प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती आणि त्याच्या पाठोपाठ तुमच्या वसतिगृहाचा अर्ज. भरतानाही ते माझ्याकडे येतात आणि तीन वर्षांनी अनामत परत मिळाली नाही की तेव्हाही माझ्याकडेच येतात. त्यामुळे तुमच्या ऑफिसातल्या बाबूंना या नियमांचा जेवढा परिचय असेल, तेवढा मलाही झाला आहे. माझी सख्खी भाची तुमच्या मुलींच्या वसतिगृहात तीन वर्षं राहिली, म्हणून पालक म्हणूनही लिहितो आहे.

तक्रार अनामत रकमेची आहे. पण खोल्यांचं वाटप, खोली बदलणं आणि पाहुण्यांचे नियम यांतली प्रत्येक चूक शेवटी त्याच रकमेतून वळती होते, म्हणून सगळं एकदमच मांडावं लागतं.

भाचीने प्रवेश घेताना ५,००० रुपये अनामत भरली. तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मे महिन्यात खोली सोडली, अर्ज दिला. पैसे खात्यात आले जानेवारीत, आणि आले १,८५०. बाकीचे ३,१५० कुठे गेले हे तिला कुणी सांगितलं नाही. मी स्वतः ऑफिसात जाऊन मागितलं तेव्हा एका चिटोऱ्यावर हिशेब लिहून मिळाला: रंगकाम ८००, सामाईक नुकसान ७००, पंखा व स्विचबोर्ड ६५०, पाहुणे दंड ६००, स्वच्छता ४००. खाली सही नाही, तारीख नाही.

स्वच्छतेचे ४०० मी सोडून देतो. पोरी घाईत गेल्या, खोलीत कचरा राहिला असेल. बाकीच्या चार रकमांबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्यातली एकही मला पटलेली नाही.

पंख्यापासून सुरुवात करतो. तो पंखा खोली क्रमांक १४ मधला. भाची १४ मध्ये राहिली फक्त पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्या खोलीची भिंत ओली होऊन तिला सतत सर्दी-खोकला लागला, तेव्हा रेक्टर मॅडमनी तोंडीच सांगितलं, "जा, ९ नंबरमध्ये खाट टाक." मॅडमनी माणुसकी दाखवली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही. कागदावर ती तीन वर्षं १४ मध्येच राहिली आणि ती १४ मधून निघाल्यावर दीड वर्षाने जळलेल्या पंख्याचे पैसे तिच्या नावावर पडले. ९ नंबरमध्ये काही मोडलं असतं तर तेही तिथल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेलं असतं.

खोली बदलण्याला तुम्ही मेहरबानी समजता, तो खरं तर ताबा बदलण्याचा व्यवहार आहे. दोन ओळींचा लेखी अर्ज, रेक्टरची सही, कोणत्या तारखेपासून कोणती खोली, जुनी किल्ली जमा, नवी किल्ली दिली, एवढी नोंद पुरे. जुन्या खोलीत काय कसं होतं हे त्याच दिवशी पाहून लिहिलं की मागचा हिशेब तिथेच मिटतो. दोघींनी आपसांत खोल्या बदलायच्या म्हटल्या तर दोघींच्या सह्या आणि उरलेल्या खोलीसोबत्यांना विचारलेलं असावं. पहिला महिना कुणाचीच खोली बदलू नये हा तुमचा नियम मला मान्य आहे. नाहीतर ऑगस्टपर्यंत सगळं वसतिगृह हातात गाद्या घेऊन फिरत राहील. पण आजारपण, अपंगत्व आणि छळाची तक्रार यांना तो महिना लावू नका. रॅगिंगबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम आहेत. नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या भागात ठेवायचं हे त्यातच सांगितलेलं आहे. आपल्याकडे तक्रार आली की तक्रार करणाऱ्यालाच दुसऱ्या खोलीत पाठवतात. हलवायचंच असेल तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हलवा.

आता पंखा जळाला म्हणजे काय झालं तेही पाहू. आपल्या भागात संध्याकाळी व्होल्टेज किती खाली येतं ते तुमच्या ऑफिसातला ट्यूबलाइटही सांगेल. पंखा घूं-घूं करतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की चालतो, म्हणजे बहुतेक कंडेन्सर गेलेला. तो शंभराच्या आत येतो. जळका वास येऊन पंखा बंद पडला तर कॉइल गेली. ती वयाने जाते, व्होल्टेजने जाते. यातलं काहीच पोरी करत नाहीत. हां, पातं वाकलेलं असेल, पंख्याला कपडे वाळत घालून दांडी हलली असेल, स्विचबोर्ड फोडून त्यात शेगडीची वायर घातली असेल, तर तो हात विद्यार्थ्याचा. तिथे पैसे घ्या, जरूर घ्या. फरक ओळखायला इंजिनिअर लागत नाही, गावातला वायरमन दोन मिनिटांत सांगतो. त्याची एक ओळ आणि दुरुस्तीचं बिल वजावटीसोबत जोडा.

रंगकामाचंही तेच. भिंतीवर सेलोटेपचे डाग, खिळे, कुणाची नावं असतील तर ते पोरींचं काम. पण १४ नंबरला छताच्या कडेपासून खाली पोपडे सुटलेत आणि वर पांढरी खार आली आहे. हे वरच्या स्लॅबमधून झिरपणाऱ्या पाण्याचं आहे. शिवाय भाची तिथे राहतही नव्हती. आणि तीन-चार वर्षांनी भिंतीला रंग लावावाच लागतो, तो इमारतीच्या देखभालीचा खर्च आहे. दरवर्षी त्यासाठी वसतिगृह शुल्कात देखभाल म्हणून वेगळी रक्कम घेता. मग अनामतीतून पुन्हा का?

"सामाईक नुकसान ७००" म्हणजे काय, हे मला आजवर कळलेलं नाही. गच्चीवरची टाकी फुटली असेल, बाथरूमचा नळ चोरीला गेला असेल. असं होतं, आणि नाव कळत नाही तेव्हा सगळ्यांवर वाटावं लागतं हेही मान्य. पण वाटायचं असेल तर ज्या महिन्यात नुकसान झालं त्याच महिन्यात फलकावर लिहा: काय मोडलं, किती खर्च आला, किती जणींवर वाटला. मग पोरी आपणच लक्ष ठेवतील. तीन वर्षांनी, जेव्हा विचारायला कुणी उरत नाही, तेव्हा ७०० चा आकडा टाकणं याला वसुली म्हणतात.

आता पाहुणे. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात दाखवायचं होतं. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात नंबर लावायचा तर गावातून निघून वेळेत पोचता येत नाही, पहिली गाडीच उशिराची आहे. म्हणून ती आदल्या दिवशी लेकीकडे आली. दुसऱ्या दिवशी तपासण्यांचे कागद दुपारनंतर मिळाले, तोवर शेवटची गाडी निघून गेली होती. दोन रात्री ती लेकीच्या खोलीत खाली चटई टाकून झोपली. दंड रात्रीला ३००, एकूण ६००.

नियम मोडला हे खरं आहे. तुमच्या नियमपुस्तिकेत "खोलीत पाहुण्यास रात्री राहू देऊ नये" असं स्पष्ट लिहिलं आहे आणि त्यामागचं कारण मला समजतं. मुलींच्या वसतिगृहात रात्री कोण आत आहे हे चौकीदाराला माहीत असायलाच हवं. खोलीत तिघी राहतात, चौथं माणूस आलं तर बाकी दोघींची अडचण होते. त्यांची परीक्षा असू शकते. मुलांच्या वसतिगृहात तर "मित्र आहे" म्हणून येणारे काही जण महिना-महिना मुक्काम ठोकतात, हे मीच पाहिलं आहे. बंधन हवंच. पण ज्या गावाला परतीची गाडी पाचच्या आत सुटते, तिथल्या आईला नियम काय पर्याय देतो? लॉजवर एकटी बाई राहणार नाही आणि लॉजचं भाडं तिला झेपणार नाही.

खालच्या मजल्यावर जुन्या वाचनालयाची खोली रिकामी पडून आहे. त्यात तीन खाटा टाकल्या, तर आई, बहीण, आजी यांना एक-दोन रात्री राहता येईल. आधारकार्ड पाहा, रजिस्टरमध्ये नाव, नातं, येण्या-जाण्याची वेळ लिहा, चादरी धुण्यापुरते ५० रुपये रोख घेऊन पावती द्या. अर्ज संध्याकाळी सहापर्यंत. दवाखान्याचं काम असेल तर नंतरही. भाऊ-वडील असतील तर भेट व्हरांड्यात, मुक्काम नाही, यात बदल नको. आणि दंड करायचाच असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा, तिचं म्हणणं ऐका, पावती देऊन घ्या. अनामत ही नुकसानभरपाईसाठी ठेवलेली रक्कम आहे. शिस्तीचा दंड त्यातून गुपचूप कापायचा नसतो. भाचीला तो दंड झाला हे खोली सोडेपर्यंत माहीतच नव्हतं.

हे सगळं खोली सोडतानाचं. अनामत सुरुवातीलाही घोटाळा करते, तो वाटपाच्या यादीत दिसतो.

तुमचा प्राधान्यक्रम असा आहे: आधी जुने विद्यार्थी, मग ४० किलोमीटरच्या पलीकडचे, मग गुण. ४० किलोमीटरची रेघ कुणी आखली माहीत नाही, पण त्याने आखताना एसटीचं वेळापत्रक पाहिलेलं नाही. हायवेवरचं ४८ किलोमीटरवरचं गाव घ्या. तिथे रात्री आठपर्यंत गाड्या आहेत, तासाभरात पोरगं घरी. माझं गाव २२ वर. शेवटची गाडी साडेचारला आणि विज्ञान शाखेचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की ती गाडीही अलीकडच्या फाट्यावरून परत फिरते. तुमच्या यादीत हायवेवाला वर आणि आमचा खाली. अंतराऐवजी एकच प्रश्न विचारा: शेवटचा तास संपल्यावर हा विद्यार्थी एसटीने त्याच दिवशी घरी पोचतो का? याची खातरजमा आगारातल्या वेळापत्रकावरून होते, दाखला लागत नाही. ज्यांचं उत्तर "नाही", ते पहिला गट. त्या गटात आई-वडील नसलेले आणि अपंग विद्यार्थी आधी, अपंगांना तळमजला, त्यानंतर उत्पन्न आणि मग गुण.

यादी कितीही चांगली केली तरी ती पैशांच्या मुदतीने उलटीपालटी होते. यंदा यादी लागली शुक्रवारी संध्याकाळी आणि अनामतीसह सगळी रक्कम भरायची मुदत होती सोमवार दुपारपर्यंत. मधला रविवार. आमच्याकडे तेंदूपत्त्याची मजुरी उन्हाळ्यात येते ती बी-बियाण्यात जाते. जुलैत रोवणी चालू, मजुरांना रोज पैसे द्यायचे. अशा वेळी ५,००० अनामत आणि वरून पहिल्या सत्राचं शुल्क एका घरातून तीन दिवसांत निघत नाही. आमच्या गावचा एक मुलगा यादीत चौथा होता. मंगळवारी त्याचा बाप उसनवारी करून पैसे घेऊन आला, तेव्हा जागा प्रतीक्षायादीतल्या अकराव्याला गेलेली. यादी गरजेची केली आणि जागा दिली ती ज्याच्याकडे रोख होती त्याला.

उपाय साधा आहे. जागा राखायला १,००० घ्या, सात दिवसांची मुदत द्या, उरलेली अनामत डिसेंबरअखेरपर्यंत, धानाचे चुकारे आल्यावर. ज्याने भरली नाही त्याला नोटीस द्या. प्रतीक्षायादीत नाव कोणत्या क्रमाने वर सरकलं आणि का, हे फलकावर लावा.

दुसरी अडचण शासकीय वसतिगृहांची. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं मोफत आहेत, पण त्यांची निवड पुष्कळदा तुमच्यानंतर होते. पोरं आधी तुमच्याकडे पैसे भरतात, महिन्या-दीड महिन्याने तिकडे नंबर लागला की सोडून जातात. तुम्ही "सत्र मध्येच सोडलं" म्हणून पूर्ण अनामत जप्त करता. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शुल्क परताव्याची अधिसूचना काढली. त्यात प्रवेश रद्द केल्यावर शुल्क किती टक्के परत द्यायचं याचे टप्पे आहेत, आणि अनामत व सुरक्षा ठेव या टप्प्यांच्या बाहेर ठेवली आहे, कारण ती शुल्क नाहीच. अर्जापासून १५ दिवसांत परतावा द्यायचा हेही त्यात आहे. ती अधिसूचना अभ्यासक्रम सोडणाऱ्यांसाठी आहे, फक्त वसतिगृह सोडणाऱ्यांसाठी नाही, हे मला ठाऊक आहे; तुमचे बाबू तेच सांगतात. पण अभ्यासक्रमच सोडून जाणाऱ्याची ठेव पूर्ण परत आणि तुमच्याच वर्गात बसणाऱ्याची जप्त, हा कुठला न्याय? तो जेवढे महिने राहिला तेवढ्यांचं वसतिगृह शुल्क कापा, वाटल्यास पुढचा महिनाही कापा. ठेव परत द्या.

परताव्याच्या दिरंगाईबद्दल थोडं सांगतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. खात्याचा नंबर तुम्ही प्रवेशाच्या वेळी घेता आणि पैसे तीन वर्षांनी टाकता. तोपर्यंत बऱ्याच पोरांची शाळेतली खाती व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेली असतात. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की बँक तसं करते. शिवाय आमच्याकडे निम्मी खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती. १ मे २०२५ पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, त्यामुळे जुन्या पासबुकावरचा आयएफएससी तसाच वापरला तर रक्कम अडकू शकते. एनईएफटी जमा झाली नाही तर काही तासांत ती महाविद्यालयाच्या खात्यावर परत येते. ती परत आल्याची नोंद तुमच्या बँक स्टेटमेंटला दिसते, पण कुणी पाहत नाही. पोरगा विचारतो, तर बाबू म्हणतात, "टाकले ना बाप्पा, बँकेत विचार." म्हणून मी आता प्रत्येकाला सांगतो, यूटीआर नंबर माग. तो असेल तर पैसे कुठे थांबले ते बँक सांगते. तो नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत.

तेव्हा खोली सोडायच्या अर्जावरच नव्याने खाते क्रमांक, आयएफएससी आणि पासबुकाची झेरॉक्स घ्या. मूळ पावतीचा हट्ट सोडा. तीन वर्षांत ती कार्बनची पावती पांढरीफटक होते आणि मग तुम्ही पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र मागता, नोटरीचे वेगळे. पैसे भरल्याची नोंद तुमच्याच कॅशबुकात आहे, तिथे बघा. ना-देय दाखल्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, मेस, जिमखाना अशा सह्या लागतात आणि सुटीत यातला एकेक जण वेगवेगळ्या वारी येतो. पोरांना गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी घालवून परत-परत यावं लागतं. परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एका टेबलाशी बसवा.

आणि ज्याच्यावर हे सगळं उभं आहे तो कागद: खोलीचं ताबापत्रक. पहिल्या दिवशी खाट, गादी, टेबल, खुर्ची, कपाट आणि त्याची किल्ली, पंखा, ट्यूबलाइट, स्विचबोर्ड, खिडकीच्या काचा, भिंतीची अवस्था, प्रत्येकासमोर चांगलं, जुनं किंवा मोडकं. रेक्टर आणि विद्यार्थी दोघांच्या सह्या, एक प्रत तिच्याकडे. सोडताना तोच कागद हातात घेऊन तिच्यासमोर खोली पाहा आणि वजावट तिथेच लिहा. आज नुकसान ठरवताना विद्यार्थी हजर नसतो, पहिली अवस्था कुठे लिहिलेली नसते, आणि रक्कम आधीच तुमच्या खात्यात असते. यात बेइमानी असेलच असं नाही, पण तिला वाव पुष्कळ आहे.

माझ्या मागण्या दोन. पहिली, भाचीच्या हिशेबातले रंगकाम ८००, पंखा ६५०, सामाईक नुकसान ७०० आणि दंड ६०० मिळून २,७५० रुपये परत करा, किंवा प्रत्येक रकमेचं बिल आणि आदेश लेखी द्या. दुसरी, मागच्या तीन वर्षांत खोल्या सोडलेल्यांपैकी किती जणांची अनामत अजून तुमच्याकडे पडून आहे आणि किती जप्त केली, याचा आकडा फलकावर लावा. अनामत तुमचं उत्पन्न नाही, ते तुमच्यावरचं देणं आहे. ताळेबंदात ते त्याच बाजूला दिसायला हवं. महाविद्यालय अनुदानित आहे, त्यामुळे फलकावर लावलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागेन.

पंधरा दिवस वाट पाहतो. त्यानंतर अर्ज विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाईल. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी ती प्रत्येक महाविद्यालयासाठी सांगितली आहे. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे. तक्रार भाचीच्या सहीने असेल, कागद मी लावीन. आणखी सात जणांनी आपापले चिटोरे माझ्याकडे आणून दिले आहेत. सातही चिटोऱ्यांवर सामाईक नुकसान ७०० रुपयेच आहे, मग तो विद्यार्थी एक वर्ष राहिलेला असो की तीन.

आपला,
एक पालक आणि सेतू केंद्रचालक